चढ रेषेचा की चौकटीचा?

हवाई बेटांवर मौना लोआ नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 3,400 मीटर उंचीवर, चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च 1958 मध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड नियमितपणे मोजायला सुरुवात केली. 1959 सालची सरासरी होती हवेच्या दर दहा लाख भागांमागे सुमारे 316 भाग, म्हणजे 316 पीपीएम. 2023 सालची सरासरी भरली 421. चौसष्ट वर्षांत 105 ची वाढ. या आकड्यांबद्दल जाणकारांत वाद नाही आणि त्यांचा रेषालेख जगभरच्या पाठ्यपुस्तकांत, वर्तमानपत्रांत, न्यायालयीन कागदपत्रांत छापला जातो.

आता हाच आलेख तीन चौकटींत काढू. तिन्हींत आडव्या अक्षावर 1958 ते 2024 ही 66 वर्षे आणि उभ्या अक्षावर 310 ते 430 पीपीएम. आकडे तेच, अक्ष तेच, फक्त चौकटीचा आकार वेगळा. पहिली चौकट टीव्हीच्या पडद्यासारखी, सोळा रुंद आणि नऊ उंच. तिच्यात 1959 चा बिंदू आणि 2023 चा बिंदू सरळ रेषेने जोडले, तर ती रेषा आडव्या पातळीशी सुमारे 27 अंशांचा कोन करते. दुसरी चौकट उभ्या धरलेल्या मोबाईलसारखी, नऊ रुंद आणि सोळा उंच. तिच्यात तीच रेषा 58 अंशांवर उभी राहते. तिसरी चौकट पानाच्या तळाशी टाकलेल्या पट्टीसारखी, उंचीच्या आठपट रुंद. तिच्यात कोन उरतो जेमतेम सहा अंशांचा. पहिल्या चित्रात हळूहळू चढत जाणारी टेकडी, दुसऱ्यात कडा, तिसऱ्यात जवळजवळ सपाट माळ.

यात कुणी खोटं बोललेलं नाही, अक्ष कापलेला नाही, एकही बिंदू वगळलेला नाही. म्हणूनच हा प्रकार पकडायला अवघड आहे. अक्ष शून्यापासून सुरू होतो की नाही हे तपासायची सवय आता बऱ्याच वाचकांना लागली आहे. चौकट रुंद का आणि उंच का, हे मात्र कुणी विचारत नाही. वाचकाच्या मनात राहते ती रेषेची तिरपी, आणि ती तिरपी आकड्यांइतकीच चौकटीनेही ठरवलेली असते. माझं म्हणणं असं की सार्वजनिक व्यवहारात छापल्या जाणाऱ्या रेषालेखाचा आकार हा संपादकीय निर्णय मानला पाहिजे. तो पानावरच्या उरलेल्या जागेवर किंवा सॉफ्टवेअरच्या ठरीव मापावर सोडता कामा नये. आणि तो निर्णय वाचकाला तपासता येईल, अशी खूण आलेखातच असायला हवी.

आधी निर्णय कसा करायचा ते पाहू, कारण ‘आकार काहीही घ्या, शेवटी सगळं सापेक्षच’ हे खरं नाही. काही आकार एखाद्या प्रश्नाचं उत्तर दाखवतात आणि काही ते झाकतात.

1960 मध्ये कार्बन डायऑक्साइडची वार्षिक सरासरी सुमारे 317 होती, 1970 मध्ये 326. म्हणजे त्या दशकात वाढीचा वेग वर्षाला साधारण 0.9 पीपीएम. 2010 मध्ये सरासरी होती सुमारे 390 आणि 2020 मध्ये 414, म्हणजे वर्षाला 2.4. वेग पावणेतीन पटींच्या आसपास गेला, आणि या आलेखातली सगळ्यात महत्त्वाची बातमी तीच आहे. नुसती वाढ होतेय एवढंच नाही, वाढीचा वेगही वाढतोय. ही बातमी डोळ्यांना दिसायची तर दोन दशकांच्या रेषाखंडांची तिरपी वेगळी दिसली पाहिजे.

इथे भूमितीची एक अडचण आहे. चढ दुप्पट झाला की कोन दुप्पट होत नाही. कोन 90 अंशांच्या पलीकडे जाऊ शकत नसल्यामुळे खूप उभ्या रेषा एकमेकींना चिकटतात, आणि खूप आडव्या रेषा शून्याजवळ चिकटतात. समजा चौकट इतकी अरुंद आणि उंच आहे की पहिल्या दशकाचा रेषाखंड 80 अंशांच्या जरासा वर गेला आहे. मग पावणेतीन पट वेगाचा दुसरा रेषाखंड 86 अंशांवर जातो. फरक सहा अंशांचा. उलट, चौकट इतकी पसरट की पहिला रेषाखंड साडेतीन अंशांवर आहे, तर दुसरा नऊ अंशांवर येतो. फरक पुन्हा सहाच्याच आसपास. दोन्ही चित्रांत वाचक म्हणेल की रेषा सगळीकडे सारखीच जाते आहे. पण दोन्ही रेषाखंड 45 अंशांच्या दोन बाजूंना सारख्या अंतरावर बसतील अशी चौकट घेतली, तर पहिला 31 अंशांवर आणि दुसरा 59 अंशांवर येतो. फरक 27 अंशांहून जास्त, डोळ्यांना आपोआप जाणवणारा.

हा विचार नियमाच्या रूपात पहिल्यांदा मांडला तो विल्यम क्लीव्हलंड, मॅरिलिन मॅगिल आणि रॉबर्ट मॅगिल यांनी, 1988 मध्ये. क्लीव्हलंड तेव्हा अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत संख्याशास्त्राचं काम करत होते. त्यांची सूचना अशी: रेषेच्या सगळ्या तुकड्यांची तिरपी पाहा, चढ असो की उतार, आणि चौकट अशी निवडा की ती तिरपी 45 अंशांभोवती राहील. त्यांचं गाजलेलं उदाहरण सूर्यावरच्या डागांचं आहे. डागांची संख्या साधारण अकरा वर्षांच्या चक्रात वरखाली होते. नेहमीच्या चौकोनासारख्या चौकटीत कित्येक शतकांचे आकडे काढले की एकमेकांना चिकटलेले उभे सुळके तेवढे दिसतात. तेच आकडे लांबलचक, बुटक्या पट्टीत काढले की लक्षात येतं की बहुतेक चक्रांत डाग झपाट्याने वाढतात आणि त्यापेक्षा सावकाश कमी होतात. विशेषतः मोठ्या चक्रांत हे ठळक दिसतं. ही गोष्ट आकड्यांत आधीपासून होती. चौकटीने ती दाबून ठेवली होती.

कीलिंग यांच्या आलेखाला हा नियम लावला की मात्र एक पेच उभा राहतो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. त्या आलेखात दोन गती एकात एक गुंफलेल्या आहेत. एक दशकांची, वर जाणारी. दुसरी दरवर्षीची. उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्यात झाडंझुडपं वाढतात आणि हवेतला कार्बन ओढून घेतात, मग हिवाळ्यात कुजणाऱ्या पाल्यातून आणि श्वसनातून तो परत हवेत येतो. त्यामुळे मौना लोआवर मे महिन्यात पातळी सर्वांत वर असते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सर्वांत खाली. साडेचार महिन्यांत सुमारे सहा पीपीएमची घट, मग साडेसात महिन्यांत ती भरून निघते आणि वर दोनेक पीपीएमची भर पडते.

दशकांच्या वेगांची तुलना करायची असेल तर 45 अंशांचा हिशेब सांगतो की चौकट रुंदीपेक्षा उंच हवी, साधारण सव्वापट. म्हणजे आपण नेहमी वापरतो तो आडवा आयत या कामाला कमीच पडतो. आणि ऋतूंची लय पाहायची असेल, घट जलद आणि वाढ सावकाश हे दिसायला हवं असेल, तर तोच हिशेब सांगतो की चौकट उंचीच्या आठपट रुंद हवी. टीव्हीच्या आकाराच्या चौकटीत ऋतूंचे चढउतार 75 ते 79 अंशांवर उभे असतात, त्यामुळे घट आणि वाढ यांच्या वेगातला फरक दातेरी कडेत हरवून जातो. पट्टीत तोच फरक दुपटीने उघडा पडतो. पण पट्टीत दशकांची वाढ सहा अंशांवर आडवी होते, हे आपण पाहिलंच.

तेव्हा योग्य आकार कोणता, या प्रश्नाला आकड्यांकडून एकच उत्तर येत नाही. ते येतं आपण आकड्यांना काय विचारतो यावरून. जेफ्री हीर आणि मनीष अग्रवाला यांनी 2006 मध्ये नेमकी हीच वाट घेतली. आकड्यांत कोणकोणत्या लांबीच्या लाटा आहेत ते आधी शोधायचं आणि प्रत्येकीसाठी वेगळा आकार सुचवायचा. व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. एकाच चित्राकडून दोन्ही कामं करून घेण्याचा हट्ट सोडावा आणि दोन चित्रं छापावीत. वार्षिक सरासरीची रेषा उंच चौकटीत, आणि अलीकडच्या काही वर्षांची मासिक रेषा वेगळ्या पसरट चौकटीत. जागा कमी असेल तर लेखाचा मुद्दा ज्या प्रश्नाशी जोडलेला आहे त्याचं चित्र ठेवावं आणि दुसरं सोडून द्यावं. दोन्ही प्रश्नांना अर्धवट उत्तर देणाऱ्या मधल्या आकारापेक्षा ते बरं.

‘45 अंश’ हा मंत्र म्हणून घेऊ नये, असंही मला वाटतं. जस्टिन टॅलबॉट, जॉन गर्थ आणि पॅट हॅन्रहन यांनी 2012 मध्ये क्लीव्हलंड यांचे प्रयोग अधिक विस्तृत करून पाहिले. लोकांना दोन रेषांच्या चढांचं गुणोत्तर सांगायला लावलं, तेव्हा चुका सर्वांत कमी 45 अंशांच्या आसपासच होतात असं त्यांना आढळलं नाही. त्यांचं आणखी एक निरीक्षण मला जास्त उपयोगाचं वाटतं. रेषेजवळ आडवी आधाररेषा दिसत असेल तर चढ ओळखण्यातल्या चुका बऱ्याच कमी होतात. म्हणजे डोळ्याला तुलनेसाठी काहीतरी लागतं, आणि ते दिलं तर तो बरंच सांभाळून घेतो. या मुद्द्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

या नियमाची मोठी मर्यादा वेगळीच आहे, आणि तीच सार्वजनिक चर्चेत सर्वांत जास्त घात करते. कुठलीही रेषा 45 अंशांभोवती आणता येते. क्षुल्लक वाढ असो की प्रचंड, चौकट तिला त्याच तिरपीवर उभी करेल. त्यामुळे हा नियम एका चौकटीच्या आतल्या तुलनेसाठी आहे. वाढ मोठी की लहान, हे त्या कोनावरून कळत नाही.

याचा सापळा कसा लागतो ते याच आकड्यांवर पाहा. 1960 ते 1970 हे दशक एका चौकटीत काढा आणि 2010 ते 2020 हे दशक शेजारच्या चौकटीत. दोन्ही चौकटी सारख्या मापाच्या. सॉफ्टवेअर नेहमीप्रमाणे प्रत्येक चौकटीचा उभा अक्ष त्यातल्या आकड्यांना घट्ट बसवून देईल, पहिलीत 317 ते 326, दुसरीत 390 ते 414. दोन्ही रेषा खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात जातील. नऊची वाढ आणि चोवीसची वाढ शेजारी शेजारी, सारख्याच तिरपीच्या! दोन सरकारांच्या कारकिर्दी, दोन राज्यं, दोन शाळा यांची तुलना आपल्याकडे याच पद्धतीने शेजारशेजारच्या चौकटींत केली जाते. तिथे एकच अट पुरेशी आहे, पण ती कसून पाळायला हवी: तुलनेच्या सगळ्या चौकटींत एका वर्षाला जेवढी रुंदी तेवढीच सगळीकडे, आणि एका एककाला जेवढी उंची तेवढीच सगळीकडे. मग पहिली चौकट जवळपास रिकामी दिसली तरी चालेल. ते रिकामपण खरं आहे.

चौकट आणि अक्ष हे एकाच यंत्राचे दोन खटके आहेत, हेही ध्यानात घ्यायला हवं. उभा अक्ष लांबवला की चौकट दाबल्यासारखाच परिणाम होतो. आपल्या आलेखात अक्ष 310 ऐवजी शून्यापासून सुरू केला तर टीव्हीच्या चौकटीतला 27 अंशांचा चढ आठ अंशांच्या आसपास येतो. डिसेंबर 2015 मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल रिव्ह्यू या नियतकालिकाने पृथ्वीच्या सरासरी तापमानाचा एक आलेख समाजमाध्यमावर टाकला होता. त्याचा उभा अक्ष उणे 10 ते 110 अंश फॅरनहाइट असा होता. शतकाहून जास्त काळातली वाढ दोन अंशांहूनही कमी असल्यामुळे ती चित्राच्या उंचीच्या साठाव्या भागातही मावली आणि रेषा सरळ आडवी दिसली. तो अक्ष एखाद्या गावातल्या दिवसाच्या तापमानाला शोभला असता. साऱ्या पृथ्वीच्या वार्षिक सरासरीला तेवढी जागा कधी लागतच नाही. स्तंभालेखात उंची म्हणजेच आकडा असतो, म्हणून तिथे शून्य सोडणं चूक आहे. रेषालेख बदल दाखवतो. त्यात शून्याचा आग्रह धरला की कित्येकदा नेमका बदलच पुसला जातो.

यावर एक आक्षेप मी बऱ्याचदा ऐकतो. अक्षावर आकडे छापलेले असतात, वाचकाने ते वाचावेत, चित्राला कशाला दोष द्यायचा? पण अक्षावर पातळी लिहिलेली असते, वेग लिहिलेला नसतो. 2010 च्या दशकातला वेग काढायचा तर वाचकाला दोन बिंदूंच्या उंच्या अंदाजाने वाचाव्या लागतात, वजाबाकी करावी लागते आणि वर्षांनी भागावं लागतं. हे कुणी करत नाही, आणि करावं लागू नये म्हणूनच तर आलेख काढलेला असतो. रेषालेखात वेग वाचायचं एकमेव साधन तिरपी आहे. ती तिरपी विश्वासार्ह ठेवणं हे छापणाऱ्याचं काम आहे.

आज मात्र ती तिरपी बहुतेक वेळा कुणीच ठरवत नाही. पायथॉनमधल्या `matplotlib` मध्ये काही न सांगता आलेख काढला तर चित्र 6.4 बाय 4.8 इंचांचं येतं, आकडे कशाचेही असोत. आर भाषेतल्या `lattice` मध्ये `aspect = "xy"` असं लिहिलं की क्लीव्हलंड यांच्या नियमाने आकार निघतो, पण ते लिहिणारे थोडे. वेबवर तर परिस्थिती आणखी नाजूक आहे. पानाची रुंदी पडद्याप्रमाणे बदलते आणि आलेखाची उंची पुष्कळदा ठरलेली असते. त्यामुळे तीच बातमी ऑफिसच्या संगणकावर वाचणाऱ्याला मंद चढ दिसतो आणि लोकलमध्ये फोनवर वाचणाऱ्याला तीव्र. दोघं संध्याकाळी त्यावर वाद घालतात, तेव्हा दोघांनी वेगवेगळी चित्रं पाहिलेली असतात. निदान गुणोत्तर बांधून ठेवणं, म्हणजे रुंदी बदलली की उंचीही त्याच प्रमाणात बदलेल अशी सोय करणं, हे बातमी देणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळाला आजच जमण्यासारखं आहे. आकार मथळ्याच्या आधी ठरवावा, हा दुसरा आग्रह. ‘झपाट्याने वाढ’ हा मथळा आधी लिहून झाला की चौकट त्याला शोभेशी उंच करण्याचा मोह होतोच.

तरीही आलेख कापले जातात, ताणले जातात, कुणीतरी त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवतो. म्हणून नुसत्या योग्य आकाराने भागणार नाही. आपल्या शाळांत आलेखकागदाच्या कोपऱ्यात ‘प्रमाण : य-अक्षावर 1 सेमी = 10 एकक’ असं लिहायला लावतात, आणि ते राहिलं तर गुण कापतात. ती शिस्त चांगली आहे, पण पडद्यावर सेंटिमीटरला अर्थ उरत नाही. भूगोलात मात्र या अडचणीवर उत्तर सापडलेलं आहे. नकाशा लहान-मोठा केला की अंकात लिहिलेलं प्रमाण खोटं ठरतं, पण नकाशावरच काढलेली प्रमाणपट्टी नकाशासोबत लहान-मोठी होते आणि खरी राहते.

रेषालेखाला अशीच चढाची पट्टी द्यावी, असा माझा प्रस्ताव आहे. आलेखाच्या रिकाम्या कोपऱ्यात एका बिंदूतून निघणाऱ्या चार बारीक रेषा काढायच्या. एक आडवी, म्हणजे ‘बदल नाही’. मग ‘वर्षाला 1’, ‘वर्षाला 2’, ‘वर्षाला 3’. या रेषा आलेखाच्याच अक्षांवर काढायच्या, वेगळ्या चित्रासारख्या बाहेरून चिकटवायच्या नाहीत. काढणं सोपं आहे. कोपऱ्यातला एक बिंदू घ्या, तिथून दहा वर्षं उजवीकडे जा आणि 10, 20, 30 पीपीएम वर जाऊन तीन बिंदू मांडा, ते मूळ बिंदूला जोडा. कीलिंग यांच्या आलेखात डावीकडचा वरचा कोपरा रिकामाच असतो. आडवी रेषा तिथे आधाररेषेचं कामही करते, जिचा उपयोग टॅलबॉट आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात दिसला होता.

टीव्हीच्या चौकटीत या तीन रेषा साधारण 17, 32 आणि 43 अंशांवर येतात. मोबाईलच्या उभ्या चौकटीत त्याच 44, 63 आणि 71 अंशांवर जातात. पण दोन्हीकडे 1960 च्या दशकाची रेषा ‘वर्षाला 1’ च्या किंचित खाली बसते, आणि 2010 च्या दशकाची रेषा ‘2’ आणि ‘3’ यांच्या मध्ये.